पाचव्या घरातला तीन

महादेवप्पा बिराजदार गेल्या महिन्यात निवृत्त झाला. शाळेनं शाल दिली, नारळ दिला, आणि चार जणांनी उठून भाषणं ठोकली. सगळ्यांचा सूर एकच, की बिराजदार सरांच्या हातून सव्वीस वर्षांत एक मार्क इकडचा तिकडे झाला नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि आतून नुसता जळत होतो. कारण झाला होता. सहा मार्क इकडचे तिकडे झाले होते, आणि ते त्या सभेत दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. महादेवप्पानं मान वर केली नाही. मीही उठलो नाही. मराठी शिकवणारा माणूस मी, तास तास बोलतो, पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. म्हणून आता लिहितोय.

महादेवप्पा अक्कलकोटच्या अलीकडच्या एका खेड्यातला. घरात कानडी, शाळेत मराठी. लहानपणी 'ळ' आणि 'ल' यांवरून इतका मार खाल्ला की भाषेवरचं मनच उडालं. तो म्हणायचा, "रावजी, तुमच्या मराठीत एका शब्दाचे चार अर्थ. आकड्याचा एकच." म्हणून गणिताकडे वळला. पांढरं धोतर, काळी टोपी, निळी पेन्सिल. आम्ही त्याला मागून 'पाव मार्क' म्हणायचो, कारण पाव मार्कासाठी तो पेपर तीनदा तपासायचा. संस्थेच्या चिटणिसाच्या भाच्याला त्यानं नापास केलं आणि वर त्याच चिटणिसाच्या घरी जाऊन पोराच्या चुका समजावून आला. असा माणूस. खडूस म्हणा, पण लबाड नव्हे.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या संस्थेचं बायकांचं डी.एड. कॉलेज होतं. गणित शिकवायला बाया मिळत नाहीत म्हणून संस्थेनं एक जागा ठेवली. मॅट्रिक झालेल्या एका मुलीला फी माफ, वसतिगृह फुकट, आणि दोन वर्षांनी संस्थेच्याच शाळेत नोकरी. त्यासाठी गणिताची लेखी परीक्षा. पेपर काढायचा महादेवप्पानं, तपासायचाही त्यानंच. एकच जागा आणि बसल्या एकोणतीस मुली.

पेपरात त्यानं सहा मार्कांचा एक प्रश्न घातला आणि त्यावर तो बेहद्द खूश होता. मला स्टाफरूममध्ये धरून बसवलं. "सांगा रावजी, दोनाचा चारशे पंच्याऐंशीवा घात मोठा, की तीनाचा तीनशे सहावा?"

मी म्हटलं, "बाबा रे, मला दोनाचा दहावा घात येत नाही."

मग त्यानं मला शिकवलं, आणि शिकवायला तो खरंच चांगला होता. दोनाला दोनानं चारशे पंच्याऐंशी वेळा कोण गुणत बसणार? आकडा कागदावर मावायचा नाही. पण त्या संख्येचा लॉग घेतला की वरचा घात खाली उतरतो आणि साधा गुणाकार होतो. ज्याचा लॉग मोठा ती संख्या मोठी. लॉगच्या कोष्टकात दोनाचा लॉग शून्य पूर्णांक तीन शून्य एक शून्य. त्याला चारशे पंच्याऐंशीनं गुणलं, आले १४५.९८५०. तीनाचा लॉग शून्य पूर्णांक चार सात सात एक. त्याला तीनशे सहानं गुणलं, आले १४५.९९२६. म्हणजे तीनाचा घात मोठा.

"दोन्हींच्या लॉगचा पूर्णांश एकशे पंचेचाळीस," तो म्हणाला, "म्हणजे दोन्ही संख्या एकशे शेहेचाळीस आकडी. इतकी जवळजवळची जोडी शोधायला मला आठ दिवस लागले. आता अंदाजानं लिहून दाखवा म्हणावं!"

मी म्हटलं, "पोरींचा जीव घेणार तू." थट्टेत म्हटलं होतं.

निकाल लागला. रंभाबाई नावाच्या बार्शीकडच्या एका विधवा मुलीला चौऱ्याहत्तर मार्क, ती पहिली. दुसरी मायाक्का, सांगोल्याकडची, एकाहत्तर. जागा एकच, ती रंभाबाईला मिळाली.

तिसऱ्या दिवशी ही मायाक्का शाळेत हजर. एकोणीस वर्षांची, उंच, काटकुळी, पायात चपला नाहीत. धनगराची पोर. एसटीतून उतरून स्टँडपासून चालत आली होती, धुळीनं घोट्यापर्यंत पांढरी. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माजा पेपर परत बघा की. घातांकाच्या गणिताला शून्य दिलंय. त्ये बरोबर हाय."

महादेवप्पानं पेपर काढला. त्यात तिनं पहिलीच ओळ लिहिली होती, 'चार अंकी कोष्टकावरून हे ठरत नाही.' खाली दोनाचा लॉग ०.३०१०३००, तीनाचा ०.४७७१२१३, दोन गुणाकार, आणि उत्तर, 'दोनाचा घात मोठा.' त्यावर निळ्या पेन्सिलीनं आडवी रेघ.

"हे आकडे कुठून आणले?" महादेवप्पानं विचारलं. "तुला कोष्टक दिलं होतं. त्यात हे नाहीत."

"आमच्याकडं कालव्याच्या मोजणीचा कॅम्प पडलाय सर. तितं मी रोजंदारीवर हाय, आकडेमोड उतरवून देती. त्यांचं लॉगचं बुक सात आकडी असतंय. दोन आन् तीनचं लॉग पाठच झाल्यालं."

"बाहेरचे आकडे चालत नाहीत. आणि उत्तरही चूक."

"न्हाय चूक. सर, तुमी एकदा त्ये बुक बघा. आबा म्हणलाय, जागा मिळाली तर शिक, न्हायतर पाटलाच्या वस्तीवर सोयरीक ठरल्याली हाय. बिजवर हाय. तीन पोरं हायत त्याला. तुमी नुसतं बघा की."

महादेवप्पानं पेपर घडी घालून ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "रावजी, हिला आपली कोष्टकं पुरत नाहीत."

आणि मी, मी काय म्हणालो असेन? "मग सरकारला कळवू, हिच्यासाठी नवी छापा म्हणून!" सगळी स्टाफरूम खो खो हसली. मला हजरजबाबीपणाचं फार कौतुक. जीभ हासडून टाकावी असं आज वाटतं.

ती हसली नाही, रडलीही नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा महादेवप्पाकडे. "बरं सर," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर आठ महिने आम्ही दोघांनी तिचं नावही काढलं नाही.

पंच्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत महादेवप्पाचा नववीचा तास चालू होता. शेजारच्या वर्गात माझा. मध्ये नुसती लाकडी फळी, त्यामुळे त्याचा आवाज माझ्या कवितांत सारखा घुसायचा. लॉगचाच धडा होता. दोनाचा दहावा घात एक हजार चोवीस, तेव्हा दोनाच्या लॉगची दहापट आणि एक हजार चोवीसचा लॉग एकच यायला हवा, हे तो पोरांकडून करून घेत होता. दहापट आली तीन पूर्णांक शून्य एक शून्य शून्य. मग एका मुलीला उठवलं. "सोजर, एक हजार चोवीसचा लॉग कोष्टकात बघून वाच."

तिनं वाचलं, "तीन पूर्णांक शून्य एक शून्य तीन."

"शून्य वाच. तीन कुठला?"

"तीनच हाय सर."

हे दर वर्षी व्हायचं. दर वर्षी तो म्हणायचा, 'जवळपास येतं, पुढे चला.' त्या दिवशी मात्र फळीपलीकडे एकदम शांत झालं. मी वाट बघितली, मग वर्ग सोडून डोकावलो. महादेवप्पा फळ्याकडे तोंड करून उभा होता आणि हातातला खडू हलत नव्हता.

मधल्या सुट्टीत त्यानं मला ओढतच कोपऱ्यात नेलं. "रावजी, तो तीन कुठून आला?"

"मला काय विचारतोस?"

"दोनाचा लॉग आपण म्हणतो तीन शून्य एक शून्य. सव्वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतो, शेवटी शून्य, शेवटी शून्य. ते शून्य खरं शून्य नाही. कोष्टकाला चारच घरं, म्हणून तिथं संपवलंय. पाचव्या घरात तीन आहे. दहानं गुणलं तेव्हा तो पुढे सरकला आणि दिसला. दहानं गुणून इतका दिसतो, आणि मी चारशे पंच्याऐंशीनं गुणला."

मला नीट कळलं नाही, तेव्हा त्यानं हाताची वीत टेबलावर ठेवली. "एक वीत मोजताना केसाएवढी चूक झाली तर कुणाला कळते? पण त्याच वितीनं चारशे पंच्याऐंशी वेळा मोजा. दोन बोटं चूक होईल. माझ्या दोन उत्तरांतलं अंतर होतं शहात्तर दशहजारांश. आणि कोष्टकाची चूक गुणून गुणून जाऊ शकते जवळजवळ चारशे दशहजारांशांपर्यंत. म्हणजे चार अंकी कोष्टकावरून हे ठरतच नाही, रावजी. ठरतच नाही."

ही ओळ कुणाची हे आम्हा दोघांनाही आठवलं.

त्यानं तिथंच कागदावर दोनाचा लॉग पाच घरं धरून गुणला. आले १४५.९९९५५. तीनाच्या घाताच्या पुढे गेला. पण मग तीनाचंही पाचवं घर हवं, सहावं हवं. अर्धवट कशाला? शाळा सुटल्यावर आम्ही सायकली काढल्या आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेलो. तिथं कल्लप्पा म्हणून त्याच्या गावचा एक म्हातारा कारकून होता. त्यानं कपाटातून जाडजूड सात अंकी लॉगचं बुक काढून दिलं. "मास्तर, हे शाळेत कशाला लागतं? शाळेत कुठला कालवा मोजायचाय?" कल्लप्पा म्हणाला. त्याला चेष्टा करायची होती, पण कुणी हसलं नाही.

महादेवप्पानं उभ्या उभ्याच गुणाकार केले. दोनाचा, १४५.९९९५५००. तीनाचा, १४५.९९९११७८. फरक साधारण चार दशहजारांश, आणि सात घरांच्या कोष्टकाची चूक गुणूनही त्या फरकाच्या दहाव्या हिश्श्याएवढीच जाते. यात शंकेला जागा नाही. दोनाचा घात मोठा होता. हजारात एकाएवढाच मोठा, पण मोठा. तिनं लिहिलेले आकडे एकूण एक तेच होते.

तो बुक मिटून बाकावर बसला. "अय्यो देवा," म्हणाला, "सहा मार्क." मायाक्काचे एकाहत्तर आणि सहा, सत्त्याहत्तर. रंभाबाईनं त्याच्यासारखंच उत्तर लिहिलं म्हणून त्यानं तिला सहा दिलेले, ते गेले तर अडुसष्ट. हे तो बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होता. गणिताच्या मास्तराला बोटांवर मोजताना मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो चिटणिसाकडे गेला. मी बरोबर होतो. त्यानं सगळं स्वच्छ सांगितलं, माझी चूक आहे, लेखी देतो. चिटणीस चिडला नाही, हेच वाईट. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बिराजदार, दोन मोठे की तीन मोठे, यानं संस्थेला काय फरक पडतो? ती रंभाबाई निम्मं वर्ष शिकली. तिला हाकलू? विधवा आहे, तिची काय चूक?"

महादेवप्पा म्हणाला, "तिची चूक नाही. माझीच."

"मग झालं तर. पुढच्या जूनला एक जागा काढू. त्या मुलीला घेऊन या. मात्र लग्न झालेली वसतिगृहात घेत नाही, एवढं बघा."

तेवढ्या आशेवर त्याच रविवारी आम्ही सांगोल्याची एसटी धरली. पुढे दीड तास पायी. ऊन तापलं होतं, दोन्हीकडं कुसळं आणि बाभळी. महादेवप्पा सगळी वाट बडबडत होता. जूनमध्ये घेऊ, माझ्याच घरी ठेवू, बसव्वा सांभाळील, तिला मुलगी नाही. बसव्वा म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं, "अरे आधी लग्न झालंय का ते तर बघ." तो ऐकत नव्हता. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

वस्तीवर तिचा भाऊ हरिबा भेटला. मेंढरं वाघराच्या जाळीत होती, तो एका कोकराच्या पायाला हळद लावत होता. आम्ही कोण ते सांगितलं. त्यानं मान वर करून आम्हाला नीट बघितलं.

"म्हंजी त्ये पेपराचं मास्तर तुमी व्हय?"

"व्हय," महादेवप्पा म्हणाला. त्याच्या तोंडून 'व्हय' मी पहिल्यांदा ऐकलं.

"तिचं लगीन झालं की, आखाडाच्या आदी. आबानं घाई केली. लई भांडली त्याच्यासंगं. म्हणायची, माजा पेपर बरोबर हाय, मास्तरनं चुकीचा तपासला. आबानं तिला चाबकानं हाणली. म्हणला, येवढा शिकल्याला मानूस चुकंल व्हय? तूच नापास झालीस आन् मास्तराच्या नावानं थापा मारतीस."

महादेवप्पानं विचारलं, "कुठं आहेत ते? मला त्यांना सांगायचंय."

"आबा गेला पौषात. कावीळ झालती," हरिबा म्हणाला. मग कोकराला सोडून उठला. "तिच्याकडं जायाचं असंल तर त्या टेकाडाच्या पल्याड जावा."

टेकाडापलीकडची वस्ती चार घरांची. मायाक्का अंगणात शेणी थापत होती. पोट पुढं आलेलं. मागे तीन पोरं, सगळ्यात धाकटं तिच्या लुगड्याला धरून. तिनं आम्हाला ओळखलं, हात धुतले, पाणी आणून दिलं. घोंगडं टाकलं. घरधनी मेंढरांमागं गेला होता. सासू आत कण्हत होती.

महादेवप्पा घोंगड्यावर बसला नाही. उभ्यानंच बोलला, टोपी काढून हातात घेतली होती. "मायाक्का, तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. मी सात अंकी बुक बघितलं."

ती म्हणाली, "मला ठाव हाय की सर."

"जूनमध्ये जागा काढतायत. मी भांडून..." त्याचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं होतं.

"जूनात मी बाळतीण आसन." ती हसल्यासारखी झाली. "आन् घरधनी न्हाय सोडायचा. ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं आपण काहीतरी बोलावं. मी म्हटलं, "पोरी, त्या दिवशी मी हसलो ते..."

"तुमी हसलासा व्हय? मला ध्यानात न्हाय." ध्यानात होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. मला सोडून दिलं तिनं.

मग ती महादेवप्पाला म्हणाली, "तुमी आबा हुता तवा याया पायजे हुतं सर. मला दुसरं काय नको हुतं. आबाला येकदा म्हणायचं हुतं, पोरगी खोटं न्हाय बोलली. जाताना पाणी पाजाया गेली तर तोंड फिरीवलं त्यानं. म्हणला, थापाडीच्या हातचं नको."

महादेवप्पा रडला. उघड्यावर, पोरांसमोर, सत्तावन्न वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडला. तिनं त्याला रडू दिलं. धाकटं पोर घाबरून तिच्या मागे लपलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती उभी राहिली.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि खिशातून कागद काढला, निळी पेन्सिल काढली. "मी लिहून देतो. गणित सगळं मांडून देतो, खाली सही करतो. तुझं बरोबर, माझं चूक. तुझ्या नवऱ्याला दाखव, सासूला दाखव, भावाला दाखव. सगळ्यांना दाखव."

त्यानं गुडघ्यावर कागद धरून लिहायला घेतलंही. मायाक्का खाली वाकली आणि त्याची पेन्सिल हळूच धरली.

"नका लिवू सर," ती म्हणाली. "ह्या दोनी वस्त्यांवर वाचाया येणारी मी येकलीच हाय."